गोळी तीच, डोस नेहमीचाच, मग आईची किडनी आत्ताच का बिघडली?

शरयू

आईचं वय 76, वजन 48 किलो. बीपीसाठी टेल्मिसार्टन आणि हायड्रोक्लोरोथायझाइड एकत्र असलेली गोळी बरीच वर्षं चालू आहे. गुडघे फारच दुखले तर ती डायक्लोफेनॅक 50 ची गोळी घ्यायची, तीही अनेक वर्षांपासून. कधी काही झालं नाही.

मागच्या महिन्यात तिला जुलाब लागले, सोबत थोडा ताप. अंग इतकं ठणकत होतं की डायक्लोफेनॅक दिवसातून तीनदा घेतली, तीन दिवस. प्रत्येक दिवशी सकाळी उपाशीपोटी पँटोप्राझोलही दिली होती. बीपीची गोळी चालूच होती. जुलाब दुसऱ्या दिवशी बरेच कमी झाले, म्हणून आम्ही निर्धास्त होतो. चौथ्या दिवशी ती झोपेतून नीट उठेना, बोलताना शब्द हरवायला लागले, लघवीला आदल्या दुपारनंतर गेलीच नव्हती. दवाखान्यात नेलं तेव्हा बीपी 90/60, क्रिएटिनिन 3.4 आणि पोटॅशियम 5.8.

दोन्ही गोळ्या बंद केल्या, सलाईन लावलं. डायलिसिस लागलं नाही. तीन दिवसांत क्रिएटिनिन 2.1 वर आलं आणि आता 1.3 आहे.

मला कळत नाही ते असं: चार महिन्यांपूर्वी तिचं क्रिएटिनिन 1.1 होतं, लॅबच्या कागदावर नॉर्मल. पित्ताची गोळी दिली होती. डायक्लोफेनॅक तिला नवीन नव्हती. मग हे झालं कसं? आणि तिचे गुडघे अजून दुखतातच आहेत, त्यांचं काय करायचं?

रानवारा

पाणी कमी पडलं, दुसरं काही नाही. पेनकिलर घेतली की वरून दोन ग्लास पाणी प्यायचं, किडनी धुऊन निघते. माझे सासरे 80 चे आहेत, आयबुप्रोफेन जवळजवळ रोज घेतात, ठणठणीत. आणि पोटाची काळजी असेल तर गोळीऐवजी इंजेक्शन घ्यावं. पोटात काही गेलंच नाही तर पोटाला त्रास होणार कुठून?

खडूस_आजोबा

किडनीचा विषय निघालाच आहे म्हणून विचारतो. मला मुतखडा आहे. मागे रात्री कळ आली तेव्हा दवाखान्यात डायक्लोफेनॅकचंच इंजेक्शन दिलं आणि पंधरा-वीस मिनिटांत उतार पडला. किडनीला वाईट असेल तर किडनीच्याच दुखण्यावर का देतात? माझी फसवणूक झाली का?

ऊनपाऊस

शरयूताई, आई बऱ्या होतायत हे वाचून बरं वाटलं. मी मेडिसिन वॉर्डात काम करतो, असे पेशंट नेहमी बघतो, आणि "इतकी वर्षं काही झालं नाही" हे वाक्य जवळजवळ प्रत्येक नातेवाईक बोलतो. ते खरंही असतं.

किडनीत लाखो बारीक गाळण्या असतात. प्रत्येक गाळणीत रक्त आणणारी एक सूक्ष्म नळी आणि रक्त बाहेर नेणारी दुसरी. आत पुरेसा दाब असेल तरच लघवी तयार होते. अंगात पाणी-मीठ व्यवस्थित असतं तेव्हा हा दाब सहज राहतो, वेगळी काही सोय लागत नाही. म्हणून एरवी कधीमधी घेतलेल्या गोळीने तुमच्या आईचं काही बिघडलं नाही.

जुलाबांनी रक्तातलं पाणी कमी झालं की चित्र बदलतं. मेंदू आणि हृदयाकडे रक्त राखण्यासाठी शरीर बाकीच्या रक्तवाहिन्या आवळायला लागतं. त्यात आपला बळी जाऊ नये म्हणून किडनी दोन गोष्टी करते. प्रोस्टाग्लँडिन तयार करून आत येणारी नळी रुंद ठेवते, आणि अँजिओटेन्सिनच्या मदतीने बाहेर जाणारी नळी आवळून धरते. आवक चालू, जावक रोखलेली, त्यामुळे रक्त कमी असूनही दाब टिकतो.

डायक्लोफेनॅक प्रोस्टाग्लँडिन बनूच देत नाही, दुखणं कमी होतं ते त्यामुळेच. म्हणजे पहिली सोय गेली. टेल्मिसार्टन अँजिओटेन्सिनला काम करू देत नाही, म्हणजे दुसरीही गेली. आणि हायड्रोक्लोरोथायझाइड आधीच कमी असलेलं मीठ-पाणी लघवीतून बाहेर काढत होतं. तिन्ही औषधं एकेकटी बघितली तर बरोबरच दिलेली आहेत. त्या तीन दिवसांत ती एकत्र आली आणि त्यात जुलाब.

पँटोप्राझोलचा या सगळ्याशी काही संबंध नाही. ती जठरातलं आम्ल कमी करते. किडनीला तिचा शून्य उपयोग.

शरयू

हे पहिल्यांदाच कुणी असं उलगडून सांगितलं. पण क्रिएटिनिन 1.1 चं काय? आधी किडनी चांगलीच होती ना?

ऊनपाऊस

इथेच सगळे फसतात, कधीकधी डॉक्टरही. क्रिएटिनिन हा स्नायूंमधून तयार होणारा कचरा, किडनी तो रक्तातून बाहेर टाकते. आई 48 किलोच्या, त्यात वय 76, स्नायू मुळात थोडे. तयारच कमी होत असेल तर किडनी अर्धवट चालत असूनही आकडा 1.1 च दिसणार. धडधाकट तरुणाचं 1.1 आणि तुमच्या आईचं 1.1 या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

औषधाचा डोस ठरवताना वापरतात तो जुना हिशोब करून बघा. 140 मधून वय वजा करा, 64 उरतात. त्याला वजनाने गुणा, 3072. त्याला 72 गुणिले 1.1 म्हणजे 79.2 ने भागा, साधारण 39 येतात. बाईमाणूस असेल तर 0.85 ने गुणायचं. आले 33. तरुण निरोगी माणसात हाच आकडा शंभराच्या आसपास असतो. म्हणजे जुलाब लागायच्या आधीच हाताशी शिल्लक फार नव्हती.

फडताळ

मी हॉस्पिटलच्या फार्मसीत आहे. एक दुरुस्ती, म्हणजे भर म्हणा. लॅबच्या रिपोर्टवर हल्ली ईजीएफआर, म्हणजे किडनी किती गाळते त्याचा अंदाज, छापून येतो, तो वेगळ्या सूत्राने काढतात. शरयूताईंच्या आईचा त्या सूत्राने 52 च्या आसपास येईल. त्या सूत्रात वजन धरलेलं नसतं, म्हणून बारीक चणीच्या म्हाताऱ्या माणसांत दोन आकड्यांत एवढी तफावत पडते. खरा कुठला यावर आमच्याकडेही वाद होतात.

ऊनपाऊस

मान्य. 33 धरा की 52, साठाच्या खालीच आहे आणि इथे निष्कर्ष बदलत नाही. फक्त एक लक्षात असू द्या, हे दोन्ही हिशोब माणूस स्थिर असतानाचे. आजारपण चालू असताना ते लावू नयेत. किडनी आज बंद पडली तरी क्रिएटिनिन रक्तात साचून आकडा वर यायला एक-दोन दिवस जातात. पहिल्याच दिवशी तपासलं असतं तर कदाचित 1.4 वगैरे दिसलं असतं आणि सगळे निवांत झाले असते.

रानवारा, तुमचं अर्धं बरोबर आहे. पाण्याची कमतरता हा यातला मोठा भाग आहेच. पण किडनी धुऊन निघते हे खरं नाही. गोळीचा परिणाम कित्येक तास रक्तातून चालतो, वरून प्यायलेल्या दोन ग्लासांनी तो पुसला जात नाही. शिवाय जुलाबात नुसतं पाणी जात नाही, मीठही जातं, म्हणून ओआरएस. आणि ज्यांचं हृदय कमजोर आहे त्यांना "भरपूर पाणी प्या" हा सल्लाच महागात पडतो.

इंजेक्शनचंही तेच. जठराच्या आतल्या अस्तराचं आम्लापासून रक्षण करणारा चिकट थर प्रोस्टाग्लँडिनमुळे टिकतो. औषध तोंडातून जावो, दंडातून जावो, रक्तातून तिथे पोचतंच आणि तो थर कमकुवत करतं. अल्सर इंजेक्शननेही होतो.

रानवारा

मग सासऱ्यांना काहीच कसं होत नाही?

ऊनपाऊस

कारण प्रत्येकाला होत नाही. त्यांना बीपीची किंवा लघवीची गोळी आहे का?

रानवारा

बीपीची आहे. नाव विचारून सांगतो. हल्ली संध्याकाळी पाय सुजतात, त्यासाठी लघवीची गोळी मागच्याच महिन्यात सुरू झाली.

फडताळ

हे वाचून कान टवकारले. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक ही औषधं अंगात मीठ-पाणी धरून ठेवतात. पाय सुजतात, बीपी चढतं. मग सुजेसाठी लघवीची गोळी येते, बीपीसाठी दुसरी वाढते, आणि मूळ गोळी तशीच चालू राहते कारण ती "साधी पेनकिलर" म्हणून डॉक्टरांना कुणी सांगितलेलीच नसते. सासऱ्यांची सूज त्यामुळेच आहे असं इथे बसून मी म्हणणार नाही, हृदय, यकृत, बरीच कारणं असतात. पण लघवीची गोळी लिहून देणाऱ्या डॉक्टरांना रोजच्या आयबुप्रोफेनबद्दल माहीत आहे का, एवढं या आठवड्यात विचारून घ्या. सोबत क्रिएटिनिन आणि पोटॅशियम.

मंजिरी_क

पोटाबद्दल आमचा अनुभव. बाबांना स्टेंट टाकल्यापासून ॲस्पिरिन 75 रोज असते. पाठीत उसण भरली म्हणून आठवडाभर आयबुप्रोफेन घेतली. पोटात दुखणं नाही, जळजळ नाही, जेवण व्यवस्थित. एका सकाळी बाथरूममध्ये चक्कर येऊन पडले. हिमोग्लोबिन 6.8. दुर्बिणीतून बघितलं तर जठरात अल्सर, त्यातून रक्त झिरपत होतं. नंतर खोदून विचारलं तेव्हा म्हणाले, "शौचाला तीन दिवस काळी होत होती, पण दुखत नव्हतं म्हणून बोललो नाही."

मला अजून पटत नाही की एवढा अल्सर आणि दुखलं कसं नाही?

ऊनपाऊस

दुखणं मारणारीच गोळी पोटात होती ना. आणि वयस्कर माणसांत मुळातच अल्सर बरेचदा न दुखता वाढतो, पहिली खूण थेट रक्तस्राव असते. त्यामुळे पोट दुखत नाही म्हणजे गोळी सोसतेय, असं धरता येत नाही. काळी, डांबरासारखी चिकट आणि विशिष्ट उग्र वासाची शौच दिसली तर त्याच दिवशी हॉस्पिटल गाठायचं. लोहाच्या गोळ्यांनीही शौच काळपट होते, पण ती अशी चिकट नसते. शंका आली तर दाखवावं, घरी बसून वास घेत निदान करू नये.

ॲस्पिरिन आणि आयबुप्रोफेन ही जोडी आणखी एका कारणाने वाईट. रक्तस्रावाचा धोका वाढतोच, शिवाय नियमित घेतलेली आयबुप्रोफेन ॲस्पिरिनला तिच्या जागी बसू देत नाही, त्यामुळे ज्या स्टेंटसाठी ॲस्पिरिन दिली त्याचं संरक्षणही कमी होऊ शकतं.

पँटोप्राझोल कामाला येते ती अशा पेशंटमध्ये. जठर आणि त्यापुढचा लहान आतड्याचा सुरुवातीचा भाग ती बऱ्यापैकी सांभाळते. आणखी पुढच्या आतड्याला तिचा उपयोग होत नाही.

खडूस_आजोबा

माझा मुतखडा सगळे विसरले.

ऊनपाऊस

नाही विसरलो, आजोबा. खड्याने वाट अडते, मागे लघवी तुंबते आणि दाब वाढतो, कळ त्याची असते. डायक्लोफेनॅकने किडनीकडची रक्ताची आवक कमी होऊन लघवी तयार होणं मंदावतं, दाब उतरतो, शिवाय मूत्रनळीची सूजही कमी होते. म्हणजे जो परिणाम शरयूताईंच्या आईला नडला तोच तुम्हाला तासाभरासाठी उपयोगी पडला. किडनी चांगली, उलट्यांनी पाणी उतरलेलं नाही, एखादा डोस, तर ते योग्य औषध आहे. फसवणूक झालेली नाही. मात्र तुमचं वय आणि इतर गोळ्या दर वेळी त्यांना सांगा. एकच किडनी असेल, किंवा ताप-थंडीसह कळ आली असेल, तर घरी गोळी घेऊन वाट बघू नका.

खडूस_आजोबा

किडन्या दोन्ही आहेत. वय सांगणार नाही.

टिवल्याबावल्या

विषयांतर करतो. गिधाडं संपली ती याच डायक्लोफेनॅकमुळे ना? औषध दिलेली गुरं मेली, ती खाऊन गिधाडांची किडनी निकामी झाली. 2004 साली हे सिद्ध झालं आणि 2006 मध्ये भारतात जनावरांसाठी बंदी आली. पक्ष्यांना इतकं घातक औषध माणसांना राजरोस का देतात?

फडताळ

इतिहास बरोबर, पण तो पुरावा इथे लागू पडत नाही. गिधाडाचं शरीर हे औषध नीट बाहेर टाकू शकत नाही आणि त्याला अगदी थोडं डायक्लोफेनॅकही पुरतं. मेलेल्या गिधाडांच्या आतल्या अवयवांवर युरिक ॲसिडचा पांढरा थर सापडायचा. माणसात असं होत नाही. आपल्याकडे आधी परिस्थिती जुळून यावी लागते.

शरयू

आता मुख्य प्रश्न. पुन्हा जुलाब किंवा उलट्या झाल्या तर बीपीची गोळी थांबवायची का? एका डॉक्टरांनी थांबवा म्हणून सांगितलं, दुसरे म्हणाले मनाने अजिबात थांबवू नका.

ऊनपाऊस

माझं मत, पेशंटच्या हातात लेखी कागद द्यावा. जुलाब-उलट्या चालू आहेत, खाणंपिणं निम्म्यावर आलंय, तर वेदनाशामक लगेच बंद, आणि टेल्मिसार्टन, लघवीची गोळी, मधुमेहाची मेटफॉर्मिन असेल तर तीही फोन करून थांबवायची. नीट खायला-प्यायला लागल्यावर एक-दोन दिवसांनी परत सुरू.

फडताळ

इथे मी थोडा वेगळा आहे. कागद दिला की लोक गोळी थांबवतात, पण परत सुरू करायची विसरतात. महिन्याने बीपी 190 घेऊन येतात. ज्यांना हृदय कमजोर असल्यामुळे या गोळ्या दिल्यात, त्यांनी थांबवल्या तर दम लागून ॲडमिट व्हायची वेळ येते. आणि बीपीच्या गोळ्या अशा थांबवल्याने किडनी वाचते याचा भक्कम पुरावा अजून नाही.

ऊनपाऊस

पुरावा तोकडा आहे हे खरं. म्हणूनच "फोन करून" म्हटलं. वेदनाशामक थांबवण्याबद्दल मात्र आपल्यात वाद नसावा.

फडताळ

तिथे अजिबात नाही.

शरयू

आणि गुडघे? मैत्रिणीने इटोरिकॉक्सिब सुचवली, नव्या पिढीची, पोटाला सुरक्षित म्हणून.

ऊनपाऊस

पोटाला तुलनेने सौम्य, हे बरोबर. किडनीला मुळीच नाही. किडनीला लागणारं प्रोस्टाग्लँडिन बनवणारं एन्झाइमही तीच गोळी अडवते, आणि बीपी तर चांगलंच चढवते. आईंना नको.

डायक्लोफेनॅकचं जेल गुडघ्यावर लावून बघता येईल. त्यातून रक्तात जाणारं औषध गोळीच्या मानाने साधारण सहा टक्के असतं. आईंच्या बाबतीत तेही किडनीच्या डॉक्टरांना विचारून, क्रिएटिनिन स्थिर झाल्यावर, आणि जुलाब वगैरे झाले तर बंद. पॅरासिटामॉल किडनीतला हा रक्तदाबाचा खेळ बिघडवत नाही. 48 किलोला एका वेळी 500 मिलिग्रॅम, दिवसाची कमाल डॉक्टरांकडून ठरवून. पण खरं सांगायचं तर गुडघ्याच्या झिजेवर तिचा गुण माफकच असतो. मांडीच्या पुढच्या स्नायूंचे व्यायाम सगळ्यात टिकाऊ, फक्त फरक जाणवायला आठवडे लागतात आणि दुखत असताना ते करवत नाहीत, ही खरी अडचण.

मंजिरी_क

एक विचारू? बाबांना पॅरासिटामॉल चालेल म्हणाले म्हणून घरातली पट्टी काढली. त्यावर मोठ्या अक्षरात ब्रँड आणि खाली बारीक अक्षरात "एसिक्लोफेनॅक 100, पॅरासिटामॉल 325" आहे. हीच ना?

फडताळ

नाही, ती देऊ नका! एसिक्लोफेनॅक डायक्लोफेनॅकच्याच कुळातलं. पॅरासिटामॉलसोबत आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक मिसळलेल्या गोळ्याही असतात, आणि सर्दी-तापाच्या काही तयार गोळ्यांतही आयबुप्रोफेन सापडतं. पट्टी उलटी करायची, घटक वाचायचे. एकच घटक आणि तो फक्त पॅरासिटामॉल असेल तरच ती.

मंजिरी_क

बाजूला काढली. अजून दोन पट्ट्या निघाल्या, त्यातली एक तीच.

रानवारा

सासऱ्यांना फोन केला. बीपीची गोळी रामिप्रिल. आयबुप्रोफेनबद्दल डॉक्टरांना सांगितलेलं नाही. "ती काय औषध आहे का," म्हणाले. सोमवारी रक्त तपासायला नेतोय. पाण्याचं माझं म्हणणं मी पूर्ण मागे घेत नाही, पण बघू.

शरयू

आजचा रिपोर्ट आला, क्रिएटिनिन 1.3 वरच आहे, पोटॅशियम 4.6. डॉक्टर म्हणतात आधीच्या 1.1 वर येईलच असं नाही, तीन महिन्यांनी पुन्हा बघू. बीपीची गोळी हायड्रोक्लोरोथायझाइडशिवाय, फक्त टेल्मिसार्टन, अर्ध्या डोसने सुरू केली आहे. जेलबद्दल किडनीवाल्यांना विचारलं, त्यांनी पुढच्या तपासणीपर्यंत थांबायला सांगितलंय. तोवर पॅरासिटामॉल आणि गरम शेक. आई म्हणते शेकाने जास्त बरं वाटतं, पण जिने चढताना कशानेच नाही.